आधी ढकला, मग ओढा

आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत थ्रीडी प्रिंटरच्या शेजारी भिंतीवर एक कागद चिकटवलेला आहे. एकच पान, मोठ्या अक्षरांत लिहिलेलं. मथळा आहे ‘फिलामेंट घालताना आणि काढताना’. अटल टिंकरिंग लॅबच्या योजनेतून अनेक शाळांत असे प्रिंटर आले, आणि मुलं ते धीटपणे वापरूही लागली. पण हे मशीन बंद पडतं ते बहुतेक वेळा छपाई करताना पडत नाही. जुना रंग काढून नवा घालायच्या त्या पाच मिनिटांत काहीतरी अडकतं आणि पुढचे दोन तास ते मोकळं करण्यात जातात. म्हणून मी ते पान लिहिलं. पानावर जागा कमी, त्यामुळे तिथे फक्त काय करायचं एवढंच आहे. ते तसं का करायचं, हे इथे सांगते.

ज्यांनी हे मशीन पाहिलेलं नाही त्यांनी डोळ्यांपुढे शेवेचा सोऱ्या आणावा. सोऱ्यात पीठ भरतो, वरून दट्ट्या दाबतो, खालच्या जाळीतून शेव पडते. प्रिंटरचं तेच काम. इथलं पीठ म्हणजे वितळलेलं प्लास्टिक, आणि जाळीच्या जागी 0.4 मिलिमीटर भोकाचं पितळी नोझल. फरक एकच, पण सगळी गोम त्यातच आहे. इथे वेगळा दट्ट्या नसतो. रिळावर गुंडाळलेली प्लास्टिकची तार, म्हणजेच फिलामेंट, ही 1.75 मिलिमीटर जाडीची असते. एक दातेरी गिअर आणि त्याला टेकलेलं छोटं चाक तिला मध्ये पकडून खाली ढकलतात. तारेचं खालचं टोक नोझलपाशी वितळतं, आणि वरचा कडक भाग त्या वितळलेल्या भागाला दाबून बाहेर काढतो. तीच तार पीठ आणि तीच दट्ट्या.

तार नोझलच्या अगदी जवळ, सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरच्या पट्ट्यातच मऊ व्हायला हवी. त्याच्यावर ती कडक राहायला हवी. मऊपणा वर चढला तर दट्ट्याच लिबलिबीत होतो, फुगतो आणि नळीला चिकटतो. उलट, खाली पुरेशी ऊब नसेल तर घट्ट पीठ पुढे सरकत नाही, आणि वर गिअर मात्र फिरत राहतो. पानावरची प्रत्येक ओळ या दोनपैकी एका चुकीपासून वाचवण्यासाठी आहे.

आता घडलेली गोष्ट सांगते. नववीतल्या एका मुलाला पांढरं फिलामेंट काढून लाल घालायचं होतं. आम्ही वापरतो ते पीएलए, मक्यासारख्या पिकांच्या पिष्टापासून करतात ते प्लास्टिक. ते साधारण 60 अंशांना मऊ पडू लागतं आणि छपाई 200 ते 210 अंशांना होते. आधीची छपाई होऊन तासभर झाला होता, नोझल थंड होतं. त्याने गिअरची खटकी दाबून तार हाताने ओढून पाहिली. ती हलेना. साहजिकच होतं, खाली वितळलेलं टोक थिजून नोझलच्या आतल्या भिंतींना धरून बसलं होतं. मग त्याने मशीन तापायला लावलं आणि मोटर उलटी फिरवायची आज्ञा दिली. नोझल पुरेसं तापलेलं नसेल तर बहुतेक प्रिंटर ही आज्ञा मानतच नाहीत. आमच्या मशीनमध्ये ती मर्यादा 170 अंशांची आहे. मुलगा पडद्याकडे बघत थांबला आणि 172 दिसताच बटण दाबलं.

मशीनने परवानगी दिली म्हणजे पीएलए तयार झालं असं नव्हे. 170 ही मोटर आणि गिअर वाचवण्यासाठीची किमान मर्यादा आहे, काम करायचं तापमान नाही. त्या तापमानाला टोक वितळलेलं नव्हतं, नुसतं गोळीबंद गुळाच्या पाकासारखं चिवट झालं होतं. तार वर आली, पण टोकाला एक फुगीर गाठ आणि तिच्याखाली लांबलचक तंतू घेऊन आली. आमच्या प्रिंटरवर गिअर आणि नोझलच्या मध्ये हातभर लांबीची पांढरी टेफ्लॉनची नळी आहे. सायकलच्या ब्रेकची तार जशी आवरणातून जाते तशी फिलामेंट त्या नळीतून जाते. नळीचं आतलं भोक 2 मिलिमीटरचं. 1.75 ची तार तिच्यातून सहज सरकते, पण जेमतेम पाव मिलिमीटर मोकळी जागा असते. ती गाठ नळीच्या तोंडाशीच घट्ट बसली.

गिअर ओढतच होता. आधी टक्, टक् असा आवाज आला, मग आवाज बंद झाला. मुलाला वाटलं, सुटलं. मी जवळ जाऊन पाहिलं तर गिअरच्या खाली पांढरी पूड सांडली होती, भाकरीच्या परातीच्या कडेला पीठ सांडतं तशी. तार जागची हललीच नव्हती. गिअरच्या दातांनी तिच्या एका बाजूला अर्धचंद्रासारखी खाच कोरली होती, आणि आता दात त्या खाचेत मोकळेच फिरत होते.

हे दोन आवाज नवशिक्याने पहिल्या दिवशी कानात बसवून घ्यावेत. टक्-टक् म्हणजे मोटर जोर लावते आहे पण तार हलत नाही, त्यामुळे मोटरचं पाऊल चुकतं आणि ती मागे झटका खाते. त्या वेळी नुकसान झालेलं नसतं. मशीन लगेच थांबवलं तर तार शाबूत मिळते. आवाज आपोआप थांबला आणि तार मात्र पुढे-मागे होत नसेल, तर दात तार खाऊ लागले असं समजावं. यालाच फिलामेंट दळलं जाणं म्हणतात. आणि दळली गेलेली तार हा दुखण्याचा अर्धाच भाग. ती पूड गिअरच्या दातांच्या खोबणीत दाबून बसते. मग नवी, चांगली तार घातली तरी गिअरला पकडायला दातच उरत नाहीत. मुलाने पुढे लाल तार घातली तेव्हा तीही घसरली ती याच कारणाने. नोझल त्या वेळी अगदी मोकळं असतं तरी ती घसरलीच असती.

सोडवणूक अशी केली. नोझल 210 वर नेलं आणि तापमान दिसल्यावर आणखी एक मिनिट थांबलो, कारण पडद्यावरचा आकडा तापलेल्या धातूचा असतो, आतल्या प्लास्टिकपर्यंत ऊब पोचायला वेळ लागतो. नळीच्या वरच्या टोकाला एक कडी असते. ती आत दाबून धरली की नळी सुटते. नळी काढली, तार खाचेच्या वर कटरने कापली, नळीतला तुकडा गाठीसकट पकडीने बाहेर काढला. मग जुन्या टूथब्रशने गिअर घासला. प्रत्येक दातात टाचणीचं टोक फिरवून पूड काढली, गिअर हाताने हळूहळू फिरवत. दात पुन्हा चकाकू लागले तेव्हाच थांबलो. या सगळ्याला चाळीस मिनिटं लागली. नीट काढली असती तर तार दोन मिनिटांत निघाली असती.

नीट काढायची रीत म्हणजे या लेखाचं शीर्षक. नोझल त्या फिलामेंटच्या छपाईच्या तापमानाला न्यायचं, मिनिटभर थांबायचं, आणि मग ओढायच्या आधी ती तार दहा मिलिमीटर पुढे ढकलायची. नोझलमधून धागा पडताना दिसला पाहिजे. तो पडला की क्षणाचाही वेळ न घालवता, न थबकता, झरझर मागे ओढायचं. किमान सहा सेंटिमीटर एका दमात.

काढायचीच आहे तर ढकलायची कशाला, असं प्रत्येक मूल विचारतं. छपाई थांबल्यापासून तार तिथेच उभी असते. वितळलेल्या भागाच्या थोडं वर, जिथे ती धड पातळही नाही आणि धड कडकही नाही, तिथे ती दाबाने फुगून भिंतीला टेकलेली असते. ढकलल्यावर हा फुगलेला भाग खाली गरम पोकळीत जातो आणि पातळ होतो. त्याच्या मागून कडक, सरळ तार येते. त्याच क्षणी ओढलं की कडक तार बाहेर येते आणि पातळ प्लास्टिक तिच्यापासून बारीक शेपटी होऊन तुटतं. टोक निमुळतं, गाठ नाही. मध्ये दहा-पंधरा सेकंद थांबलात तर नवा भागही मऊ होऊन फुगतो, आणि ढकलणं फुकट जातं. सावकाश ओढलं तर मऊ भाग लोंबत ताणला जातो आणि त्याचा केसासारखा तंतू नळीभर पसरतो. म्हणून ढकलणं सावकाश, ओढणं वेगात.

अनेक नव्या प्रिंटरवर फिलामेंट काढायचं बटण असतं आणि ते आतून असंच पुढे-मागे करतं. ज्यांच्या मशीनवर ते नाही आणि जे संगणकावरून आज्ञा देतात, त्यांच्यासाठी पानाच्या तळाशी चार ओळी आहेत, पीएलएसाठी:

```
M109 S205
M83
G1 E10 F120
G1 E-60 F1200
```

पहिली ओळ 205 अंशांपर्यंत तापवते आणि तिथे पोचेपर्यंत थांबते. दुसरी सांगते की पुढचे आकडे जिथे आहोत तिथून मोजायचे. तिसरी दहा मिलिमीटर पुढे ढकलते, सेकंदाला 2 मिलिमीटरने. चौथी साठ मिलिमीटर मागे आणते, सेकंदाला 20 ने. उरलेली तार खटकी दाबून हाताने ओढून घ्यायची. मिनिटभराची थांबणूक हवी असेल तर पहिली ओळ आधी एकटीच पाठवावी.

घालण्याची बाजू त्या मानाने सोपी आहे, फक्त घाई नको. तारेचं टोक कटरने तिरपं कापायचं, पेन्सिलीच्या टोकासारखं, म्हणजे ते नळीच्या सांध्यांवर अडत नाही. रिळावरची तार वाकडी असते, म्हणून पुढचा पाच-सहा सेंटिमीटरचा भाग बोटांनी उलटा वाकवून सरळ करायचा. नोझल बिछान्यापासून चांगलं पाच सेंटिमीटर वर उचलून ठेवायचं. ही ओळ मी पानावर नंतर घातली, कारण एकदा नोझल काचेला टेकलेलं असतानाच एकीने तार घातली होती, आणि प्लास्टिकला बाहेर पडायला वाटच नव्हती. मशीन तापल्यावर खटकी दाबून हाताने तार सरकवत न्यायची. शेवटी ती कशाला तरी टेकल्याचं बोटांना कळतं. तिथे हात थांबवून खटकी सोडायची आणि पुढचं काम मोटरवर सोपवायचं, तेही सेकंदाला दोन-तीन मिलिमीटरच्या वर नाही.

दोन-तीन मिलिमीटर हे फार सावकाश वाटतं. पण 1.75 ची जाडी 0.4 मधून काढायची असते. भोकाचं क्षेत्रफळ तारेच्या साधारण एकोणिसाव्या हिश्श्याएवढं आहे. म्हणजे वर तार एक मिलिमीटर सरकली की खाली जवळपास 19 मिलिमीटर धागा निघायला हवा. वरून सेकंदाला पाच मिलिमीटरने रेटलं तर साधं नोझल तेवढं प्लास्टिक जेमतेमच वितळवू शकतं, बऱ्याचदा तेही नाही. मग आत अर्धवट कच्चं पीठ साचतं, आणि पुन्हा टक्-टक्.

नवा रंग येऊ लागला की मुलं लगेच थांबवतात, प्लास्टिक वाया जाईल म्हणून. या काटकसरीचा मला आदर आहे, पण हिशोब करून दाखवला तर ती सोडवते. दहा सेंटिमीटर तार वाहू दिली तर पीएलए जातं ग्रॅमच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याएवढं. किलोच्या रिळातून ते कळतही नाही. पांढऱ्यावरून लालवर जाताना एवढं पुरतं. काळ्यावरून पांढऱ्यावर जाताना दुप्पट लागतं, कारण नोझलच्या कडांना धरून बसलेला काळा बराच वेळ राखाडी छटा देत राहतो. पडणारा धागा चिमट्याने उचलायचा, बोटांनी नाही, आणि तो सरळ खाली लोंबतो का ते पाहायचं. धागा वर वळून नोझललाच चिकटत असेल तर नोझलला बाहेरून प्लास्टिक लागलेलं असतं किंवा भोक अर्धवट अडलेलं असतं.

प्लास्टिकचा प्रकारच बदलायचा असेल तर एक नियम पुरतो: दोन्हींपैकी ज्याला जास्त ऊब लागते त्याचं तापमान धरायचं. आमच्याकडे कधी पीईटीजी वापरतात, त्याला 235-240 लागतं. ते काढून पीएलए घालताना नोझल 240 लाच ठेवायचं, पीएलए त्यातून वाहू द्यायचं, धागा स्वच्छ झाला की मग 205 वर आणायचं. आधीच 205 केलं तर उरलेलं पीईटीजी वितळत नाही, ते खड्यासारखं भोकात बसतं, आणि दोष मात्र बिचाऱ्या पीएलएवर येतो. फक्त पीएलए 240 वर नुसतं उभं ठेवायचं नाही. ते आत करपतं, आणि करपलेलं प्लास्टिक धाग्यात काळ्या कणांच्या रूपाने बाहेर येत राहतं.

हेच थोड्या वेगळ्या रीतीने तापमान न बदलताही घडतं. मशीन 205 ला तापवून ठेवलं आणि मुलं डबा खायला गेली. तार हलत नाही, खालची ऊब धातूतून हळूहळू वर चढते. एरवी तार सतत खाली येत असल्याने वरचा भाग थंड राहतो, शिवाय तिथे एक छोटा पंखा त्यासाठीच लावलेला असतो. पण अर्ध्या तासात वरचा भागही साठ अंशांच्या पुढे जाऊ शकतो, आणि तिथे दट्ट्या मऊ पडून फुगतो. आमच्याकडे मे महिन्यात, मशीनची दारं बंद असताना, हे जास्त होतं. म्हणून पीएलए छापताना आम्ही दारं उघडी ठेवतो. छपाई संपल्या संपल्या मुख्य बटण बंद करू नका, हीही पानावरची ओळ आहे. नोझल 200 ला असताना तो पंखा बंद पडला तर सगळी ऊब वरच चढते. आकडा 50 च्या खाली आला की खुशाल बंद करा.

पावसाळ्यात आणखी एक त्रास होतो. ओल धरलेलं पीएलए ठिसूळ होतं. रात्रभर नळीत ताठ बसलेली तार सकाळी दोन-तीन ठिकाणी तुटलेली असते, आणि हे बाहेरून कळत नाही. गिअरच्या खालचा तुकडा मग ओढता येत नाही. तो नव्या तारेने मागून ढकलून वितळवायचा. अशा वेळी मात्र नव्या तारेचं टोक तिरपं नव्हे, सपाट कापायचं. तिरपं टोक तुटक्या तुकड्याच्या शेजारी पाचरीसारखं घुसतं आणि दोघंही नळीत अडकतात. शक्य असेल तर काम संपल्यावर रोज तार काढून रीळ हवाबंद डब्यात ठेवावी. डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात.

गिअरवरचा स्प्रिंग किती घट्ट असावा हेही मुलं विचारतात. बाहेर काढलेल्या तारेवरचे दातांचे ठसे पाहून ते ठरवता येतं. सारख्या अंतरावर बारीक, स्पष्ट खुणा दिसल्या तर ठीक. खुणा जेमतेम दिसत असतील तर स्प्रिंग सैल आहे. तार एका बाजूने चपटी झाली असेल तर तो फार कसलेला आहे. चपटी झालेली तार आडवी रुंद होते, आणि दोन मिलिमीटरच्या नळीत तेवढ्यानेही घासते.

शेवटची ओळ काढलेल्या तारेच्या टोकाबद्दल आहे. ते हातातून सुटू द्यायचं नाही, लगेच रिळाच्या कडेच्या भोकात ओवायचं. टोक मोकळं सुटलं की ते शेजारच्या वेढ्याखालून जातं आणि तिथे गुंता तयार होतो. तो त्या दिवशी दिसत नाही. गेल्या वर्षी विज्ञान प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी सात तासांची छपाई लावली होती, पाचव्या तासाला ती हवेतच सुरू होती. नोझल फिरत होतं, धागा येत नव्हता. तारेवर तीच अर्धचंद्राची खाच होती, गिअरखाली तीच पूड. सगळ्यांनी आधी नोझल अडलं म्हणून ते काढायला घेतलं. ते स्वच्छ निघालं. मग एका मुलीने गिअर आणि रीळ यांच्यामधल्या तारेला बोट लावलं. ती तंबोऱ्याच्या तारेसारखी ताणलेली होती. रिळावर एक वेढा दुसऱ्याखाली अडकला होता, आणि गिअर पाच तास जे ओढत आला ते आता सुटत नव्हतं. तेव्हापासून खाच दिसली की आम्ही आधी मागच्या तारेला बोट लावतो. ती ताठ असेल तर अडथळा रिळाकडे आहे. सैल असेल तर तो पुढे, नळीत किंवा नोझलमध्ये आहे, आणि तेव्हाच पाना हातात घ्यायचा.